शिंदे काकूंचं बिल: प्राजक्तासाठी, काउंटरवर ठेवायचं टिपण

प्राजक्ता, कालचं हे बिल मुद्दाम दुसरी प्रत काढून ठेवलं. महिनाभर आमच्याकडे येणाऱ्या बिलांत जे काही घडतं, ते जवळपास सगळं या चार ओळींत आहे. दुकानाचं नाव, पत्ता आणि परवान्याचे नंबर कागदावर आधीच छापलेले असतात. खालचं तेवढं प्रिंटर छापतो.

बिल क्र. २४१७ · दि. १४/११/२०२५ · रोख
रुग्ण: सौ. शिंदे · डॉक्टर: डॉ. कुलकर्णी

| औषध | बॅच | एक्स्पायरी | एमआरपी (पॅक) | नग | रक्कम | सूट | निव्वळ |
|---|---|---|---|---|---|---|---|
| टेल्मिसार्टन ४० | TLA4093 | ०२/२०२६ | ६७.५० (१०) | १० | ६७.५० | ६.७५ | ६०.७५ |
| टेल्मिसार्टन ४० | TLA5117 | ०७/२०२७ | ६७.५० (१०) | २० | १३५.०० | १३.५० | १२१.५० |
| पॅन्टोप्राझोल ४० | PZ25061 | ०५/२०२७ | १३५.०० (१५) | १० | ९०.०० | ९.०० | ८१.०० |
| इन्सुलिन कुपी १० मिली | HN2506 | १०/२०२६ | १५०.०० (१) | १ | १५०.०० | ०.०० | १५०.०० |

एकूण ४४२.५० · सूट २९.२५ · निव्वळ ४१३.२५ · राउंड ऑफ −०.२५ · देय ४१३.००
करपात्र रक्कम ३९३.५७ · सीजीएसटी २.५% ९.८४ · एसजीएसटी २.५% ९.८४ (किमतीत धरलेला)
फार्मासिस्टची सही

आता काकूंनी काल जो प्रश्न विचारला तिथूनच सुरू करू. "अगं, एकच गोळी दोनदा का लावलीस?" तू गडबडलीस. दोनदा लावलेली नाही. तीस गोळ्या हव्या होत्या, कप्प्यात जुन्या बॅचची एकच पट्टी उरली होती, म्हणून दहा त्या बॅचच्या आणि वीस नव्या बॅचच्या. औषध एक असलं तरी बॅच बदलली की ओळ बदलते. दोन्ही बॅच एका ओळीत कोंबायच्या नाहीत.

बॅच म्हणजे कारखान्यात एकाच वेळी तयार झालेला माल. उद्या एखादी बॅच तपासणीत नापास झाली, तर ती परत मागवली जाते. त्या वेळी आपल्याला एवढंच शोधायचं असतं की ती कुणाकुणाला दिली. औषधाच्या नावाने शोधलंस तर शंभर गिऱ्हाइकं निघतील, बॅचने शोधलंस तर पाच. म्हणून कॉम्प्युटर जी बॅच आपोआप पुढे आणतो, ती हातातल्या पट्टीशी ताडून मगच एंटर दाब. मी सुरुवातीला हे करत नसे. कॉम्प्युटर जुनी बॅच वजा करत राहिला, मी हातातली नवी देत राहिलो. वर्षअखेर मोजणी केली तर कॉम्प्युटरमध्ये तीन पट्ट्या नव्या बॅचच्या, आणि कप्प्यात तीन जुन्या, त्याही मुदत संपलेल्या. त्या विकल्या गेल्या नाहीत हे नशीब.

एक्स्पायरीत फक्त महिना आणि वर्ष असतं. ०२/२०२६ म्हणजे ते औषध २८ फेब्रुवारीपर्यंत चालतं, १ मार्चला नाही. पण आपण शेवटच्या दिवसापर्यंत थांबत नाही. तीन महिने उरले की पट्टी कप्प्यातून काढायची आणि मला दाखवायची. काकूंची जुनी पट्टी त्या हद्दीच्या जेमतेम अलीकडे होती आणि रोज एक गोळी म्हणजे दहा दिवसांत संपणार, म्हणून दिली. "ही आधी संपवा" असं सांगितलंही. तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम नेणाऱ्याला तीच पट्टी दिली नसती. मुदत संपलेला माल खालच्या लाल खोक्यात जातो. ते खोकं विक्रीच्या मालाला लागता कामा नये.

पॅन्टोप्राझोलच्या ओळीत खरी गोम आहे. पट्टी पंधराची, डॉक्टरांनी लिहिल्या दहा. १३५ भागिले १५ म्हणजे गोळी नऊ रुपये, दहाचे नव्वद. "नग" या रकान्यात नेहमी गोळ्या टाकायच्या, पट्ट्या नाहीत. तिथे चुकून १ टाकलंस तर काकू नऊ रुपयांत दहा गोळ्या घेऊन गेल्या असत्या. आणि कात्री लावताना बघ. बॅच आणि तारीख बहुतेक वेळा पट्टीच्या एकाच टोकाला ठोकलेली असते. ते टोक उरलेल्या पाच गोळ्यांसोबत आपल्याकडे राहिलं पाहिजे, नाहीतर त्या पाच गोळ्या पुढे कुणाला देता येणार नाहीत. मग काकूंच्या हातातल्या दहा गोळ्यांवर तारीख आहे का? नाही. ती फक्त या बिलावर आहे. म्हणून "बिल नको, राहू दे" म्हणणाऱ्यालाही बिल द्यायचं.

एमआरपीत कर आलेला असतो. वर एक पैसा घ्यायचा नाही, फ्रीजमधल्या मालाला फ्रीजचा खर्चही नाही. खालचा सीजीएसटी-एसजीएसटी दाखवण्यापुरता, बेरजेत परत मिळवायचा नाही. काकूंच्या जुन्या पट्टीवर छापील भाव ७२ रुपये आहे हे तुझ्या लक्षात आलं का? २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाचवर आला. ७२ गुणिले १०५ भागिले ११२, बरोबर ६७.५०. कंपनीच्या सुधारित भावपत्रकातही तेच आहे. म्हणून जुनी छपाई असली तरी लावायचा भाव नवा. अशा पट्ट्या अजून काही दिवस हाताला लागतील. शंका आली की भावपत्रक बघ, नाहीतर मला हाक मार. स्वतः गुणाकार करून भाव बदलू नकोस.

सूट आपली मर्जी आहे, गिऱ्हाइकाचा हक्क नाही. आपण गोळ्यांवर दहा टक्के देतो, इन्सुलिनवर काही नाही. "कोपऱ्यावरचा वीस देतो" हे तुला रोज ऐकावं लागेल. सरकारने ज्यांचा कमाल भाव ठरवलाय त्या औषधांत दुकानदाराला खरेदीवर सोळा टक्के सुटतात. शंभर रुपये एमआरपीच्या पट्टीवर दहा सोडले की कर जाऊन हातात साडेतीन-पावणेचार रुपये उरतात. त्यातून वीज, भाडं आणि तुझा पगार. भांडू नकोस, हसून "नाही हो परवडत" म्हण. सूट प्रत्येक ओळीवर लावायची, एकूण बेरजेवर नाही. काल बेरजेवर लावली असती तर इन्सुलिनचे पंधरा रुपये फुकट गेले असते.

पट्टीच्या डाव्या कडेला लाल रेघ असली की चिठ्ठीशिवाय हात लावायचा नाही. टेल्मिसार्टन त्यातलंच, म्हणून बिलावर डॉक्टरांचं नाव आहे. लाल चौकटीत इशारा छापलेली औषधं निघाली तर वेगळी वही भरावी लागते. ती मी भरतो. ती वही तीन वर्षं जपायची असते, त्यावर चहाचा कप ठेवू नकोस.

इन्सुलिन फ्रीजमधून सगळ्यांत शेवटी काढ, पैसे घेऊन झाल्यावर. गार पिशवीत घालून दे. दोन ते आठ अंशांत राहायला हवं, आणि काकूंना बसस्टँडपर्यंत चालत जायचं असतं. गेलेली कुपी परत घ्यायची नाही. वाटेत किती तापली हे आपल्याला कळत नाही. गोळ्या परत आल्या तर अख्खी पट्टी आणि बिल, दोन्ही माग, आणि बॅच जुळली तरच मला विचारायला ये.

काकू वीस तारखेला साखर तपासून येणार आहेत. डोस बदलला तर नवी चिठ्ठी आणतील. आली की हेच बिल उघड आणि मागच्या गोळ्या किती उरल्या ते आधी विचार.