खणाची खांद्यावरची पिशवी, आमसुली रंग: दुकानाच्या पाच फोटोंसाठी प्रॉम्प्ट

सोबत तीन फोटो जोडलेत. पहिला पिशवीचा समोरून, दुसरा कापडाचा अगदी जवळून, त्यात बाजूला शाळेतली पट्टी ठेवलीय म्हणजे बुट्टा किती मोठा ते कळेल, आणि तिसरा आतल्या अस्तराचा. तिन्ही मोबाईलवर सकाळी गॅलरीत काढलेत, मागे कपडे वाळत घातलेत त्याकडे लक्ष नको. पिशवी खरी आहे, शिवून तयार आहे, नवीन डिझाईन सुचवायचं नाहीये. बदलायची ती फक्त मागची जागा, प्रकाश आणि पिशवी कशी ठेवलीय ते. बाकी पिशवी जशीच्या तशी, शिवण सुद्धा.

आधी पिशवी नीट सांगते कारण मागच्या वेळी मी नुसतं 'पारंपरिक मराठी कापडाची हातशिवणीची पिशवी' लिहिलं आणि आलं काय तर मोर, सोनेरी जर, चामड्याचे पट्टे आणि खाली दोन पणत्या. पैठणी नाहीये ही, बनारसी ब्रोकेड पण नाही. हा खण आहे, गुळेदगुडचा हातमागावरचा, ज्याची आपल्या आज्या चोळी शिवायच्या आणि अजूनही ओटीत घालतात तो. या कापडात बुट्टे छापलेले नसतात, भरतकाम पण नसतं, विणतानाच जादा धागा घालून उठवलेले असतात, त्यामुळे बोट फिरवलं की किंचित वर आलेले लागतात. बुट्टा छोटा, तांदळाच्या तीन-चार दाण्यांएवढा, भौमितिक, ओळीत दाट बसलेला. दुसऱ्या फोटोत जो आहे तोच घ्यायचा, मोठा करायचा नाही. मोठा केला की खण पडद्याच्या कापडासारखा दिसतो.

रंग आमसुली. म्हणजे सुकलेल्या कोकमाच्या सालीचा, काळपट लाल-जांभळा, साधारण #5A1E35. मरून नाही, वाईन नाही, आणि राणी तर नाहीच नाही. कापडात उभा धागा आमसुली आणि आडवा काळा आहे म्हणून प्रकाश एका बाजूने पडला की घडीवर लालसर आणि खोलगट जागी जवळजवळ काळा दिसतो, ते दिसायलाच पाहिजे, खणाची सगळी मजा त्यात आहे. सगळीकडे एकसारखा सपाट रंग आला तर तो फोटो बाद. काठ हळदीचा पिवळा, #D9A21B च्या आसपास, २ इंच रुंद, त्यात आमसुली बारीक रेघा. काठ पिशवीच्या तोंडाशी आडवा येतो, फक्त वरती, खाली काठ नाही. पन्हा छोटा असतो, एका खणात जेवढं बसेल तेवढंच बसवलंय. आणि बुट्ट्यांच्या ओळी काठाला समांतर जातात, तिरक्या नाही. चकाकी हलकी, रेशमी, सॅटिनसारखी चमचम नको.

मापं: रुंदी १४ इंच, उंची १५ इंच, तळाला ४ इंच जाडी. पट्टे दोन, सुती निवाड पट्टीचे, काळे, सव्वा इंच रुंद, पिशवीच्या तोंडापासून वर ११ इंच जातात. पट्टा जिथे जोडलाय तिथे चौकोन आणि आत फुलीची टीप आहे, पिवळ्या दोऱ्याने, ती पुसून टाकायची नाही, माझ्याकडे शिवणाऱ्या बाईंनी त्या फुलीवर एवढा जीव ओतलाय की ग्राहकांपेक्षा त्याच आधी फोटो झूम करून बघतील. तोंडाला चेन नाही, मधोमध एक मॅग्नेटचं बटण आहे. आत मांजरपाटाचं अस्तर, रंग न दिलेलं, पिवळट पांढरं, आणि एका बाजूला खणाच्याच उरलेल्या तुकड्याचा खिसा, मोबाईल बसेल एवढा. कापड आणि अस्तराच्या मधे पातळ कॅनव्हास घातलाय म्हणून पिशवी रिकामी असताना उभी राहते पण पुठ्ठ्यासारखी ताठ नाही, वरची कड मधे जराशी कलते. ते कलणं ठेव. सगळं इस्त्री केल्यासारखं सरळ झालं की कोणाला वाटणार नाही की हे हाताने शिवलंय.

आता फोटो.

पहिला दुकानातला मुख्य फोटो. चौकोनी, २००० बाय २००० पिक्सेल, मागे पूर्ण पांढरं #FFFFFF. पिशवी समोरून पण किंचित डावीकडे वळलेली, म्हणजे ४ इंचाची बाजू थोडी दिसेल, नाहीतर पाकिटासारखी चपटी वाटते. फोटोच्या उंचीत पिशवी पट्ट्यांसकट साधारण ८५ टक्के. पट्टे वर उभे पण नैसर्गिक, एक पट्टा थोडा मागे पडलेला. कॅमेरा पिशवीच्या मध्याच्या उंचीवर, ५० एमएम लेन्सने काढल्यासारखं, वाईड अँगलने खालचा भाग फुगवायचा नाही. प्रकाश डावीकडून, खिडकीतून सकाळी येतो तसा मऊ, दिवसाचा पांढरा, पिवळी झाक नको कारण पिवळी झाक आली की आमसुली चॉकलेटी दिसायला लागतो आणि मग घरी पार्सल उघडलं की ग्राहक म्हणणार रंग वेगळा आला. खाली जमिनीशी हलकी सावली पाहिजे, उजवीकडे पडलेली, सावली नसली तर पिशवी हवेत तरंगते. या फोटोत दुसरी एकही वस्तू नको. फूल नको, पान नको, कपाशीचं बोंड तर अजिबात नको, कशाला घालतात कळत नाही, प्रत्येक हँडमेड दुकानात तेच.

दुसरा फोटो घरातला, ४:५, १०८० बाय १३५०. जुन्या घराची ओसरी, चुन्याची पांढरी भिंत, एखाद्या ठिकाणी पोपडा गेलेला चालेल, खाली शहाबादी फरशी, राखाडी, पुसून पुसून गुळगुळीत झालेली. भिंतीत सागवानी खुंटी आणि त्या खुंटीला पिशवी एका पट्ट्याने अडकवलेली, दुसरा पट्टा सैल लोंबतोय. पिशवीत वजन आहे असं दिसू दे, तळ थोडा खाली ओढलेला, वरून एका घडी घातलेल्या वर्तमानपत्राची कड आणि कोथिंबिरीची जुडी बाहेर आलेली. वर्तमानपत्रावरची अक्षरं वाचता येतील एवढी जवळ नकोत. उजेड डावीकडच्या दारातून, तिरपा, भिंतीवर दाराच्या चौकटीची सावली पडली तर फारच छान. खाली छत्री ठेवायची मला हौस होती, श्रावण आहे म्हणून, पण नको, शेजारी ओलं काही दिसलं की पहिला मेसेज येतो 'ताई रंग जातो का'. पितळेचा तांब्या, समई, रांगोळी, झेंडूची माळ, यातलं काहीच नको. ही पिशवी देवघरात ठेवायला नाही शिवली, भाजी आणायला आणि ऑफिसला न्यायला शिवलीय. सणाचा फोटो करायचा झाला तर गौरीच्या आधी वेगळा करू.

तिसरा सगळ्यात महत्त्वाचा, मापाचा. मागच्या वर्षी मी जो फोटो लावला होता त्यात पिशवी एकटीच होती आणि जवळून घेतलेली, एका ताईंनी मागवली आणि परत पाठवली, म्हणाल्या फोटोत केवढी मोठी दिसत होती. मापं लिहिली होती खाली पण मापं वाचतं कोण. तर इथे एक बाई पाहिजे, चाळिशीची, उंची ५ फूट २ इंच, बांधा साधारण, नेहमी दिसतो तसा, मॉडेलसारखा नको. साधा सुती फिकट राखाडी कुर्ता, काळी सलवार, केसांचा सैल अंबाडा किंवा वेणी, काहीही चालेल. नऊवारी, नथ, चंद्रकोर असं काही नको, मराठी म्हटलं की लगेच लग्नाला निघालेली बाई येते. चेहरा दाखवायचा नाही, हनुवटीपासून गुडघ्यापर्यंतच फ्रेम. पिशवी उजव्या खांद्यावर, पट्टा खांद्यावर नीट बसलेला, वरची कड कमरेच्या जरा वर आणि तळ मांडीच्या वरच्या भागाशी. १४ बाय १५ इंचाची पिशवी या उंचीच्या बाईवर जेवढी दिसते तेवढीच दिसू दे, एक इंच मोठी नाही. हाताची बोटं पाच, मोजून, एक हात पट्ट्यावर सहज ठेवलेला. मागे बसस्टॉप किंवा साधी सोसायटीची भिंत, धूसर.

चौथा जवळून. चौकोनी. काठ, पट्ट्याची फुलीची टीप आणि थोडे बुट्टे एकाच फ्रेममधे, कापडाचा धागा न् धागा दिसेल असा, प्रकाश एकदम बाजूने म्हणजे बुट्ट्यांचा उठाव कळेल. सोबत जोडलेल्या पहिल्या फोटोत फुलीचा एक टाका किंचित वाकडा आहे, तो तसाच राहू दे.

पाचवा आतून. वरून खाली बघितल्यासारखा, मॅग्नेट उघडलेलं, मांजरपाट आणि खिसा दिसतोय, आत एक ए-४ फाईल, एक लिटरची पाण्याची बाटली, घडी केलेली ओढणी. लॅपटॉप नको. बसतो तो, पण आत फोम नाहीये, फोटोत दाखवला की लोक लॅपटॉप बॅग समजून घेतात आणि उद्या आपटला तर बोलणी मला.

पाचही फोटोंत पिशवी एकच वाटली पाहिजे, रंग, काठाची रुंदी, पट्ट्यांची लांबी सगळं तेच. पहिल्यात काठ २ इंचाचा आणि तिसऱ्यात ४ इंचाचा असं होऊ द्यायचं नाही.

अक्षरं कुठेच नकोत. डाव्या शिवणीत जे कापडी लेबल आहे ते कोरं ठेव, दुकानाचं नाव मी नंतर स्वतः बसवते, देवनागरी दरवेळी मोडते, मागच्या वेळी लेबलवर जे आलं होतं ते ना मराठी होतं ना हिंदी, नुसते काने आणि वेलांट्या. वॉटरमार्क, किंमत, 'सेल'चा बिल्ला, इंग्रजी कोट, यातलं काही नाही. मागचं धूसर करायचं तर हलकं, पिशवीच्या कडा धूसर व्हायला नकोत. जास्तीचा कॉन्ट्रास्ट, चित्रपटाच्या पोस्टरसारखी निळी-नारिंगी झाक, हवेत उडणारे धुळीचे सोनेरी कण नकोत.

आधी फक्त पहिला फोटो कर, चार वेगवेगळे नमुने. त्यातला रंग मी खऱ्या कापडाशेजारी मोबाईल धरून उन्हात बघणार, बरोबर आला की मग त्याच पिशवीवरून पुढचे चार.