इशारा फुटांत, घर सुटतं खुणेवर : पोस्टरचा मजकूर

सर, नमस्कार.

पुण्याच्या परिषदेच्या पोस्टरचा मजकूर पाठवतेय. 'निष्कर्ष जसाच्या तसा चिकटवलास तर माणूस दुसऱ्या ओळीला चहाकडे वळेल,' असं तुम्ही म्हणाला होतात. म्हणून तीनदा लिहिला. आधी पेपरातला निष्कर्ष देते, म्हणजे काय गाळलं ते समोरासमोर दिसेल.

पेपरातला निष्कर्ष

प्रस्तुत अभ्यासात सांगली शहरातील कृष्णाकाठच्या सखल वस्त्यांमध्ये पूर-इशाऱ्यांचे आकलन कसे होते याचा गुणात्मक पद्धतीने मागोवा घेतला. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, गावभाग व सांगलवाडी येथील ३८ कुटुंबांच्या मुलाखतींतून असे दिसून आले की, आयर्विन पुलाजवळील पाणीपातळीचे आकडे बहुतांश कुटुंबांपर्यंत पोहोचतात. तथापि स्थलांतराचा निर्णय घेताना परिसरातील परिचित खुणांना अधिक महत्त्व दिले जाते. ३८ पैकी २९ कुटुंबांनी २०१९ किंवा २०२१ च्या पुरात घर सोडण्याचा क्षण सांगताना अशा खुणेचा उल्लेख केला. इशारा पातळी (४० फूट) व धोका पातळी (४५ फूट) ही नदीच्या एका ठिकाणची मोजमापे असून वस्त्यांची उंची भिन्न असल्याने एकाच आकड्याचा अर्थ वस्तीनिहाय बदलतो. काही ठिकाणी नाल्यांवाटे उलट फिरणारे पाणी काठावरून येणाऱ्या पाण्याआधी पोहोचते. भाडेकरू व नव्याने स्थायिक झालेल्या कुटुंबांकडे खुणांची माहिती नसल्याने ती अधिक असुरक्षित ठरतात. सबब, पातळीच्या आकड्यास वस्तीनिहाय खुणांची जोड देणारी इशारापद्धती विकसित करणे गरजेचे आहे. नमुना मर्यादित असल्याने या निष्कर्षांचे सामान्यीकरण सावधगिरीने करावे.

यात सहा गोष्टी आहेत आणि सहाही खऱ्या आहेत. पोस्टरवर सहाही लिहिल्या तर एकही लक्षात राहणार नाही, म्हणून एक निवडायची होती. त्यातच दोन दिवस गेले.

माझं पहिलं शीर्षक होतं 'पूर-इशाऱ्यांच्या आकलनात स्थानिक ज्ञानाची भूमिका'. हा विषय झाला. काय सापडलं ते त्यात नाहीच. दुसरं होतं 'फूट सांगू नका, खूण सांगा'. हे मला फार आवडलं होतं, खरं सांगते. घरी म्हणून दाखवलं, तर आईसुद्धा 'व्वा' म्हणाली. पण रात्री मुलाखतींच्या वह्या पुन्हा काढल्या, तर लोक फूट ऐकत नाहीत असं एकाही घरानं म्हटलेलं नाही. उलट पाऊस लागला की सगळ्यांच्या मोबाइलवर तासातासाला पुलाचा आकडा फिरत असतो. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, वारणेला किती पाणी आहे, याचा हिशेब तर आमच्या गल्लीतले आजोबा पाटबंधारेवाल्यांच्या आधी मांडून मोकळे होतात. म्हणजे फूट नकोत, असं आपल्या अभ्यासातून निघतच नाही. फुटांवर पाय उचलत नाही, एवढंच निघतं. शिवाय 'खूण सांगा' ही शिफारस झाली. तसं सांगितल्यानं लोक लवकर बाहेर पडतात का, हे आपण तपासलेलं नाही. परिषदेत कुणीतरी नेमकं तेच विचारलं असतं आणि मी तुमच्याकडे बघत राहिले असते.

म्हणून तिसरं. पोस्टर आता असं आहे:

---

इशारा येतो फुटांत. घर सुटतं खुणेवर.

*सांगलीच्या कृष्णाकाठच्या ३८ घरांची पुराची मोजपट्टी*

आम्ही विचारलं
२०१९ आणि २०२१ च्या पुरात घर कधी सोडलंत? 'आता निघायचं' हे कशावरून ठरवलंत?

आम्हाला सांगितलं
३८ पैकी २९ घरांनी उत्तरात एक खूण सांगितली : देवळाची पायरी, बोळाचं तोंड, शेजाऱ्याचा ओटा, विजेचा खांब.

'पुलावर किती आहे ते मोबाइलवर येतं. पण बोळाच्या तोंडाचं डांबर दिसेनासं झालं की मी गॅसची टाकी माळ्यावर चढवते.'
– गृहिणी, दत्तनगर

'सासरे म्हणायचे, पायरीला पाणी लागलं की जनावरं सोडा. आम्ही अजून तेच करतो.'
– शेतकरी महिला, सांगलवाडी

'आम्ही इथं भाड्यानं आलो. चाळीस फूट म्हणजे आमच्या दारात किती, हे कुणाला विचारायचं?'
– भाडेकरू, सूर्यवंशी प्लॉट

असं का होतं
आयर्विन पुलाजवळचा आकडा नदीची एका जागची पातळी सांगतो. इशारा ४० फुटांवर, धोका ४५ फुटांवर : साऱ्या शहराला एकच. वस्त्या मात्र एका उंचीवर नाहीत. सूर्यवंशी प्लॉटमध्ये पाणी इशारा पातळीच्या आधीच शिरतं. काही गल्ल्यांत ते नदीकडून येतच नाही, नाल्यातून उलटं येतं.

एक सुचवणं
पातळीच्या आकड्याशेजारी त्या वस्तीची खूणही लिहावी.

काय तपासलेलं नाही
खुणेसह इशारा दिला तर लोक लवकर निघतील का, हे या अभ्यासातून कळत नाही.

---

मजकूर एवढाच. दीडशे शब्दांच्या आसपास जातो. आयोजकांनी दोनशेपर्यंत मुभा दिली आहे, पण उरलेली जागा भरायची नाही असं ठरवलंय. तिथे उजवीकडे एकच चित्र येईल : डावीकडे पुलाची फूटपट्टी, उजवीकडे गल्लीतल्या पायऱ्या आणि दोन्हींतून जाणारी पाण्याची एक आडवी रेघ. फूटपट्टीवर फक्त ४० आणि ४५ लिहिलंय. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, ती रेघही काढून बघितली. मग बघणाऱ्याचे डोळे तिथेच अडकतात आणि बोलणं 'केवढा पूर आला होता' याच्यावर जातं. म्हणून काढली.

तुम्हाला खटकतील अशा काही गोष्टी आधीच सांगून ठेवते.

गोल आलेख काढून टाकला. २९ भागिले ३८ म्हणजे ७६.३ टक्के येतात. पण ३८ घरांना दशांश चिन्ह लावून आणलेला रुबाब शोभत नाही. '३८ पैकी २९' वाचलं की माणसाला घरं दिसतात. उरलेल्या नऊ घरांचं काय, हे कुणीतरी विचारणारच. त्याचं उत्तर तोंडी तयार आहे. काहींना नातेवाइकांनी आदल्या दिवशीच सांगलीतल्याच विश्रामबागला नेलं होतं, काही वरच्या मजल्यावर थांबून राहिले, आणि दोन घरांना आठवतच नव्हतं. हे पोस्टरवर नको.

'स्थानिक ज्ञान' हा शब्द पूर्ण गेला. पेपरात तो अकरा वेळा आहे. पण दत्तनगरच्या ज्या मावशींनी डांबराचं सांगितलं, त्यांना त्यांच्या तोंडावर 'तुमचं स्थानिक ज्ञान' म्हणून बघा. हसतील.

भाडेकरूंचा मुद्दा गाळताना जीव तुटला. माझ्या मते पेपरातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा तोच आहे : ज्याच्याकडे खूण नाही, त्याच्याकडे नुसता आकडा उरतो. तो वेगळा चौकोन करून ठेवलाही होता. पण मग पोस्टरला दोन तोंडं झाली. वाचणारा एका तोंडाकडे बघणार, दुसरं राहून जाणार. म्हणून तो तिसऱ्या आवाजात बसवला. कुणी त्या ओळीशी थांबलंच तर पुढचं मी बोलेन.

'तपासलेलं नाही' हा चौकोन तुम्ही तळाशी बारीक अक्षरात टाकायला सांगाल, असा अंदाज आहे. मला तो इतर चौकोनांएवढाच ठेवायचा आहे. शीर्षक इतकं ठाम आहे की त्याच्याखाली बारीक अक्षरातली मर्यादा लपवल्यासारखी वाटेल.

आणि भाषा. पेपर प्रमाण मराठीत आहे, पोस्टर बोलीकडे झुकलंय. 'सुटतं', 'येतं' असं परिषदेत चालेल का, हे तुम्ही ठरवा. 'घर सुटते' लिहिलं तर मला ते पाठ्यपुस्तकासारखं वाटतं. पण तुम्ही म्हणालात तर अनुस्वार काढून तसं करते. मुलाखतींतले आवाज मात्र तसेच राहू द्या. त्यांच्या तोंडी 'झाले', 'लागले' घातलं तर त्या बायका मला ओळखच दाखवणार नाहीत.

काल मजकुराचं प्रिंट घेऊन फ्लेक्सवाल्याकडे गेले होते, अक्षरं केवढी घ्यायची ते बघायला. त्यानं तो कागद भिंतीला टेकवला, पाच-सहा पावलं मागे गेला आणि शीर्षक मोठ्यानं वाचलं. मग म्हणाला, 'आमच्या दुकानाची खूण म्हणजे समोरच्या मेडिकलचं शटर. खालची पट्टी बुडाली की आम्ही मशिन वर घेतो. एकोणीसला उशीर झाला.' मी काहीच विचारलं नव्हतं. पुढे दहा मिनिटं तो २०१९ चंच सांगत होता, आणि माझं अक्षरांचं काम राहिलं ते राहिलंच.

शीर्षक दोन ओळींतच घ्यायचं, हे तेवढ्यात ठरलं. एका ओळीत बसवायला अक्षर बारीक करावं लागतं, आणि 'फुटांत' नंतर वाचणाऱ्यानं थांबायला हवं.

शेजारी उभं राहून अर्ध्या मिनिटात सांगायचं बोलणंही लिहिलंय. ते असं : 'नमस्कार. मी सांगलीची. आमच्याकडे पूर आला की शहरभर एकच आकडा फिरतो, पुलावर किती फूट. आम्ही ३८ घरांना विचारलं, तुम्ही निघालात कधी? २९ घरांनी आकडा सांगितला नाही, पायरी सांगितली, खांब सांगितला. तुमच्या गावात अशी खूण कुठली?' शेवटचा प्रश्न मुद्दाम ठेवलाय. कोल्हापूरचं किंवा कराडचं कुणी आलं तर तेच बोलायला लागेल आणि मला ऐकायला मिळेल.

एक अडचण आहे. सांगलवाडीच्या ज्या काकूंचं वाक्य घेतलंय, त्यांची पेपरासाठी संमती आहे, पोस्टरसाठी वेगळी घेतलेली नाही. नाव नाही, तरी 'पायरी' आणि 'जनावरं' म्हटल्यावर त्यांच्या आळीत कुणालाही कळेल. उद्या सकाळी जाऊन त्यांना वाचून दाखवते. नको म्हणाल्या तर गावभागातलं ओट्याचं वाक्य तयार ठेवलंय, पण ते एवढं चांगलं नाही.

फ्लेक्स बुधवारी संध्याकाळपर्यंत द्यायचा आहे. मंगळवारी रात्रीपर्यंत तुमच्या दुरुस्त्या आल्या तर बरं होईल. फोनवर सांगितलंत तरी चालेल, मी लिहून घेईन.