विषय: गच्चीची गळती – स्क्रीनशॉटमधल्या प्रश्नांची उत्तरं

नमस्कार देशपांडे मॅडम,

गच्चीच्या गळतीबद्दल तुमच्या सोसायटीच्या सभासदांनी केलेल्या मेलच्या स्क्रीनशॉटमध्ये नवा मेल वर आणि जुना खाली आहे. म्हणून खालून वर जात, प्रश्न आले त्याच क्रमाने, विचारणाऱ्याचा फ्लॅट नंबर आधी लिहून उत्तरं दिली आहेत.

४०२ – ओल गच्चीतूनच येते की टाकीच्या पाइपातून?
फोटोवरून ठरवता येणार नाही, पाणी तुंबवूनच बघावं लागेल. ४०२ च्या वरच्या भागाभोवती विटेचा छोटा बांध घाला, पन्हाळीचं तोंड बंद करा, २ इंच पाणी ४८ तास ठेवा. त्याआधी दोन दिवस ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून ठेवा. पाणी भरण्याआधीच डाग रेघेबाहेर गेला तर पाइप बघायचा. भरल्यावर गेला तर गच्ची. आता एप्रिलमध्ये, पाऊस नसतानाही डाग ओला आहे, म्हणून पाइपाचा संशय मी सोडलेला नाही.

४०१ – खर्च फक्त वरच्या मजल्याने करायचा का?
नाही. गच्ची सोसायटीची आहे. आदर्श उपविधींनुसार गच्चीची दुरुस्ती आणि त्या गळतीने खराब झालेलं वरच्या मजल्याचं छत, दोन्ही सोसायटीच्या खर्चात येतात.

४०१ – जुन्या कोब्यावर नवा कोबा घातला तर?
हे करू नका. ४ इंच कोब्याचं वजन चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास असतं. तुमची गच्ची ३,२०० चौरस फूट, म्हणजे सुमारे २९७ चौरस मीटर. स्लॅबवर जवळजवळ ६० टन जादा भार येईल. शिवाय जुन्या कोब्यात मुरलेलं पाणी आतच राहील. जुना कोबा ठोकून बघा: खणखणीत आवाज आला तर राहू द्या, बद्द वाजला तर तेवढाच तुकडा काढून भरा.

२०३ – ठेकेदार म्हणतो गच्चीच्या वॉटरप्रूफ कोटिंगला २० लिटरच्या १२ बादल्या पुरतील. बरोबर आहे का?
नाही, आणि दरपत्रकातली खरी गोम हीच आहे. त्याने वाळल्यावर १ मिलिमीटर जाडी लिहून दिली आहे. त्याच्या मालाच्या माहितीपत्रकात घन भाग ५० टक्के आहे, म्हणजे ओला थर २ मिलिमीटर हवा. त्याला चौरस मीटरला २ लिटर लागतात: २९७ × २ = ५९४ लिटर, म्हणजे ३० बादल्या. १२ बादल्यांत जेमतेम ०.४ मिलिमीटर थर बसेल. तो पहिल्या पावसाळ्यात चांगला दिसेल, पण उन्हात लवकर चिरेल. ‘पाणी घालून पुरवतो’ म्हणाला तर जाडी वाढत नाही, हे त्याला सांगा. सील असलेल्या बादल्या मोजून घ्या आणि रिकाम्याही मोजा.

२०३ – १० वर्षांची गॅरंटी धरून चालायचं का?
ती मालाची आहे की कामाची, हे लेखी घ्या. मालाची असेल तर मजुरी तुमच्याच माथी. मी बिलाचे १० टक्के पहिला पावसाळा संपेपर्यंत रोखून ठेवीन.

३०१ – पावसाआधी काम होईल का?
२० एप्रिलला सुरू केलं तर होईल. भेगा १० मिलिमीटर खोल-रुंद कापून पॉलिमर मॉर्टरने भरणं, कठड्याच्या बुडाशी कोपऱ्यात ३ इंची गोलाई म्हणजे वाटा मारणं: ५ दिवस. पाणी मारणं ७, वाळणं ७. मग प्रायमर आणि एकमेकांना आडवे दोन हात, वाट्यावर जाळी बसवून आणि कठड्यावर ६ इंच चढवून: ४ दिवस. ते पक्कं व्हायला ७ आणि पुन्हा पाण्याची चाचणी २. एकूण ३२ दिवस, म्हणजे २१ मेपर्यंत. वळवाच्या पावसाने दोन-चार दिवस जातील ते धरा, पण वाळण्याचे दिवस कापू नका. ओलावर लावलेल्या कोटिंगला फोड येतात. भर दुपारी तापलेल्या गच्चीवरही लावायचं नाही.

३०१ – घरातला रंग कधी काढायचा?
चाचणी पास झाल्यावर सुटलेले पोपडे खरवडा, पांढरा क्षार कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलात तर क्षार विरघळून परत आत जातो. मग दीड फूट चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने छताला लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर आणखी थांबा. पुट्टी त्यानंतरच.

सर्वांत वरच्या मेलची शेवटची ओळ कापली गेली आहे. ‘टीव्हीच्या छत्र्या का…’ एवढंच दिसतं. काढायच्या का, असं विचारलं असेल तर हो, काम सुरू होण्याआधी सगळ्या. परत बसवताना गच्चीत बोल्ट मारायचे नाहीत. खाली रबर घालून काँक्रीटच्या ठोकळ्यावर स्टँड उभा करा. प्रश्न दुसराच असेल तर ती ओळ पाठवा.

तुंबवलेल्या पाण्याचा निकाल आणि रेघेचा फोटो आल्याशिवाय ठेकेदाराला आगाऊ रक्कम देऊ नये.

आपला,
सुहास
स्थापत्य सल्लागार