दिगूच्या चाळिशीचा व्हिडिओ, मस्कतहून

वेळ सुमारे दोन मिनिटं. चोडणला केक कापायच्या आधी, बाराच्या ठोक्याला टीव्हीवर लावायचा, म्हणून फोन आडवा धरायचा. एसी बंद, नाहीतर घरघर ऐकू येते. पाठीमागे खिडकी नको, चेहरा काळा पडतो. सुलूवहिनींना व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. साधा पाठवला तर दाबला जातो आणि टीव्हीवर धुरकट दिसतो.

(भिंतीवरचं घड्याळ साडेदहावर लावून दाखवायचं.)

दिगू, तिथे बारा वाजले ना? इथे साडेदहाच झालेत. मस्कत दीड तास मागे, म्हणजे इथल्या हिशेबाने तू अजून एकोणचाळीसचाच. हा दीड तास आमच्याकडून भेट!

(दोन सेकंद थांबायचं. घरात पंधरा-वीस जण असतील, लगेच बोललं तर पुढचं वाक्य हशात बुडतं.)

आम्ही रिबंदरच्या धक्क्यावर ताटकळतोय आणि तू फोनवर सांगतोस, "फेरीत चढलो रे!" मागे कोंबडा आरवतोय. फेरीत कोंबडा कुठून आला, ते आज सगळ्यांसमोर सांगून टाक.

आणि वहिनी, चवथीला याच्या हातात पिकलेला चिबूड देऊ नका. पिकल्यावर तो देठाशी सुटतो, जाळीत घालून टांगावा लागतो. यानं नुसता देठाला बांधला. आरती रंगात आली आणि चिबूड थेट घुमटवाल्याच्या मांडीवर! पण त्या भल्या माणसानं ताल सोडला नाही.

(इथे पुन्हा थांबायचं. आता नजर फोनच्या भिंगावर, पडद्यावर नाही. आवाज खाली, सावकाश.)

दिगू, ती माटोळी आमच्या घरची होती. मला रजा मिळाली नाही आणि तू पहाटेच केवणीची दोरी घेऊन आमच्या दारात हजर. नारळाची पेंड, सुपारीचे घड, आंबाडे, सगळं एकट्यानं बांधलंस. पडलेला चिबूडसुद्धा पुसून परत चढवलास, या वेळी जाळीत.

दर शनिवारी तू आईच्या बीपीच्या गोळ्या घेऊन येतोस. पाकिटावरचं बारीक अक्षर तिला दिसत नाही, म्हणून सोमवार ते रविवार डबीच्या सात खणांत एकेक गोळी ठेवून जातोस. हे मला आईनं सांगितलं. तू कधी बोलला नाहीस.

शनिवारची फेरी तुझी एकदाही चुकलेली नाही.

देव बरें करूं, दिगू. पुढच्या चवथीचं तिकीट काढलंय. दोरी तू आण, चिबूड मी बांधतो.

(बोलून झाल्यावर तीन सेकंद तसंच बघत राहायचं, मग बंद. घाई केली तर शेवटचा शब्द कापला जातो.)