नियोजित शस्त्रक्रियेसाठी रजेचा अर्ज

दिनांक: 23 मार्च 2026

प्रति,
मा. व्यवस्थापक,
प्रशासन विभाग, मुख्य कार्यालय, सांगली

मार्फत: मा. शाखाधिकारी, विटा शाखा

अर्जदार: सौ. सुनीता रमेश जाधव, लेखापाल व पासिंग ऑफिसर, विटा शाखा

विषय: नियोजित शस्त्रक्रियेसाठी 20 एप्रिल ते 30 मे 2026 या काळात रजा मिळण्याबाबत, तसेच त्या काळातील कामाच्या व्यवस्थेबाबत.

महोदय,

माझ्यावर मंगळवार, दि. 21 एप्रिल 2026 रोजी सांगलीतील एका रुग्णालयात नियोजित शस्त्रक्रिया होणार आहे. आदल्या दिवशी, सोमवारी सकाळी मला दाखल व्हायचे आहे. रुग्णालयात साधारण चार दिवस राहावे लागेल आणि त्यानंतर मे अखेरपर्यंत घरी विश्रांती घ्यावी, असा डॉक्टरांचा सल्ला आहे. म्हणून मला सोमवार, दि. 20 एप्रिल ते शनिवार, दि. 30 मे 2026 अशी, मधल्या सुट्ट्या धरून सलग 41 दिवसांची रजा मंजूर व्हावी, ही विनंती. त्यापैकी पहिले 30 दिवस (19 मेपर्यंत) आजारी रजेतून आणि उरलेले 11 दिवस हक्काच्या रजेतून धरावेत. दोन्ही खात्यांत पुरेशी रजा शिल्लक असल्याचे मी शाखेतील रजा रजिस्टरवरून पाहून घेतले आहे. सोमवार, दि. 1 जून रोजी मी कामावर हजर होईन.

शस्त्रक्रिया तातडीची नाही, म्हणूनच तारीख निवडता आली. डॉक्टरांनी मार्चमधली तारीखही देऊ केली होती. पण 31 मार्चची अखेर, त्यानंतरची व्याजाची आणि एनपीएची पत्रके, आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात येणारे वैधानिक लेखापरीक्षक, एवढे सगळे शाखेत कुणा एकाच्या गळ्यात टाकून जाणे मला बरे वाटले नाही. लेखापरीक्षणाच्या वेळी मी स्वतः हजर असेन. त्यापुढे मात्र तारीख लांबवू नये, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. त्यामुळे 21 एप्रिल ही तारीख बदलण्याची सूचना आली, तर ती मला मान्य करता येणार नाही, हे आताच नम्रपणे कळवते.

सोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले आहे. त्यात शस्त्रक्रियेची तारीख, ती पूर्ण भूल देऊन होणार असल्याचा उल्लेख, रुग्णालयातील मुक्काम, विश्रांतीचा काळ आणि कामावर परतल्यावर पाळायची बंधने लिहिलेली आहेत. आजाराचे नाव त्यात नाही. तसे प्रमाणपत्र मी डॉक्टरांकडून मुद्दाम मागून घेतले. हा अर्ज शाखेच्या जावक रजिस्टरला नोंदला जाईल, डाकेच्या पिशवीतून मुख्य कार्यालयात जाईल, तिथे आवक क्रमांक पडेल, टिपणी लिहिली जाईल आणि शेवटी माझ्या वैयक्तिक फाइलमध्ये लागेल. या वाटेवरच्या कुणाबद्दलही माझी तक्रार नाही. पण वाट लांब आहे, आणि कागद एकदा फाइलला लागला की तो माझ्या निवृत्तीपर्यंत तिथेच राहणार आहे.

बँकेला माझ्या कामाच्या दृष्टीने जे कळायला हवे ते असे. मला होणारा त्रास संसर्गजन्य नाही. शस्त्रक्रियेनंतर मी पूर्ववत काम करू शकेन, असे डॉक्टरांचे मत आहे. लेखापाल म्हणून किंवा पासिंगच्या कामात आज मला कोणतीही अडचण नाही, आणि 18 एप्रिलपर्यंत मी नेहमीसारखी पूर्णवेळ काम करणार आहे. यापलीकडे काही वैद्यकीय माहिती रजा मंजुरीसाठी नियमानुसार आवश्यकच असेल, तर कोणत्या नियमाखाली आणि कुणाला हवी ते मला लेखी कळवावे. बँकेच्या वैद्यकीय सल्लागारांना माझ्या डॉक्टरांशी बोलायचे असल्यास माझी हरकत नाही. मी तशी लेखी संमती देईन, आणि उत्तर 'गोपनीय' असे लिहिलेल्या बंद पाकिटातून थेट वैद्यकीय सल्लागारांच्या नावे जाईल. त्यांनी प्रशासन विभागाला 'रजा योग्य आहे' किंवा 'योग्य नाही' एवढेच कळवले, तरी काम भागते.

दोन छोट्या विनंत्या याच संदर्भात. कर्मचाऱ्यांच्या गटविम्यातून रुग्णालयाचा खर्च भागवण्यासाठीची कागदपत्रे रुग्णालयाचा विमा कक्ष परस्पर विम्याचे दावे पाहणाऱ्या संस्थेकडे पाठवेल. त्यात आजाराचा पूर्ण तपशील असतो. बँकेकडून फक्त माझे नाव विमा यादीत असल्याची खात्री लागेल. या दाव्यासंबंधी बँकेकडे काही पत्रव्यवहार आला तर तो शाखेच्या सामाईक ईमेलवर पुढे पाठवू नये. तो ईमेल काउंटरच्या संगणकावर दिवसभर उघडा असतो. दुसरे असे की, मुख्य कार्यालयातून शाखेला येणाऱ्या आदेशात 'रजा मंजूर' आणि तारखा एवढेच लिहावे. कारणाच्या रकान्यात 'वैद्यकीय' हा शब्द पुरेसा आहे. ग्राहकांनी किंवा पिग्मी एजंटांनी विचारले तर शाखेतून 'मॅडम रजेवर आहेत, एक जूनला येतील' असेच उत्तर द्यावे, असे माझे आणि शाखाधिकारी साहेबांचे ठरले आहे. विट्यासारख्या गावात लोक आपुलकीने चौकशी करतात, ती मी परत आल्यावर ऐकेनच.

आता कामाचे. माझ्या गैरहजेरीत खरी अडचण येणार आहे ती किल्ल्यांची आणि पासिंगची, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते.

स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्यांपैकी एक शाखाधिकारी साहेबांकडे व दुसरी माझ्याकडे असते. माझी किल्ली शनिवार, दि. 18 एप्रिल रोजी कॅश टॅली झाल्यावर, किल्ली रजिस्टरमध्ये दोघांच्या सह्या करून द्यावी लागेल. शाखेत सध्या दुसरा अधिकारी नाही. वरिष्ठ लिपिक श्री. कदम विश्वासाचे आणि कामाला चोख आहेत, पण ते कॅश विभागही सांभाळतात. रोकड मोजणारा आणि सेफची किल्ली बाळगणारा एकच माणूस असू नये, हे मी आपल्याला सांगायला नको. त्यामुळे या काळापुरता खानापूर किंवा तासगाव शाखेतील एक अधिकारी विट्याला द्यावा, अशी शाखाधिकारी साहेबांची आणि माझी दोघांचीही विनंती आहे. तो अधिकारी 16 एप्रिलपासून आला, तर तीन दिवस आम्हाला शेजारी बसून काम समजावून देता येईल. किल्ली घेण्यापूर्वी सोनेतारणाच्या पाकिटांची मोजणीही त्याच्या समक्ष करून घेता येईल.

ही मोजणी मला विशेष महत्त्वाची वाटते. मे महिन्यात आपल्याकडे सोनेतारणाच्या काउंटरला गर्दी वाढते. गलाईच्या व्यवसायानिमित्त परराज्यात असलेली कुटुंबे लग्नसराईसाठी आणि मुलांच्या सुट्टीत गावी येतात. कुणी दागिने सोडवायला येते, कुणी नवे तारण ठेवायला. रोज पाकिटे बाहेर येतात आणि आत जातात, तेव्हा मूल्यांकनकार सराफांची सही, वजनाची चिठ्ठी आणि पाकिटावरचे सील यांची नोंद त्याच दिवशी व्हावी लागते. दुसऱ्या दिवसावर टाकली की गोंधळ होतो. येणाऱ्या अधिकाऱ्याला सोनेतारणाचा अनुभव असावा, एवढेच सुचवते.

माझा सीबीएसचा युजर आयडी 18 एप्रिलच्या डे-एंडनंतर बंद करावा आणि 1 जूनला मी हजर झाल्यावरच पुन्हा सुरू करावा. माझ्या आयडीवरून दुसऱ्या कुणी पासिंग करण्याची वेळ येऊ नये. नवीन अधिकाऱ्याच्या आयडीला तेवढ्याच मर्यादेचे अधिकार आयटी विभागाकडून आधीच मिळाले, तर सोमवारी सकाळी क्लिअरिंग अडणार नाही.

थकबाकीच्या फाइल्सपैकी तीन खात्यांत कलम 101 खालचे दाखले मिळाले असून पुढील वसुलीची कारवाई सुरू आहे. त्यांच्या तारखांचा तक्ता मी शाखाधिकारी साहेबांकडे देत आहे. बाकी नेहमीची पत्रके, लॉकर भाड्याच्या नोटिसा आणि पिग्मीचे मासिक कमिशन श्री. कदम पाहतील.

रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे संवेदनशील जागेवरील कर्मचाऱ्याला दरवर्षी न कळवता किमान दहा कामकाजाच्या दिवसांची सक्तीची रजा द्यावी लागते. माझी ही रजा आधी कळवून घेतलेली असल्याने ती त्यात धरली जाणार नाही, याची मला कल्पना आहे. यावर्षीची ती रजा शक्य असल्यास दिवाळीनंतर द्यावी. अर्थात ती कधी द्यायची हे मला आधी कळता कामा नये, म्हणून आग्रह धरत नाही.

पहिले दोन आठवडे, म्हणजे 4 मेपर्यंत, मला फोन करू नये. अगदीच अडले तर शाखाधिकारी साहेबांनी माझ्या सेवापुस्तकात नोंदलेल्या नातेवाइकांच्या नंबरवर निरोप ठेवावा. त्यानंतर सकाळी 11 ते 12 या वेळेत मी फोनवर बोलू शकेन, मात्र फक्त माहिती सांगण्यापुरते. कोणताही व्यवहार मी फोनवरून मंजूर करणार नाही. शस्त्रक्रियेची तारीख रुग्णालयाकडून पुढेमागे झाली, तर त्याच दिवशी कळवीन. रजा वाढवण्याची गरज पडेल असे वाटल्यास 22 मेपर्यंत नवीन प्रमाणपत्रासह अर्ज करीन, म्हणजे बदली अधिकाऱ्याची व्यवस्था आपल्याला वेळेत करता येईल.

1 जूनला हजर होताना मी कामासाठी तंदुरुस्त असल्याचे प्रमाणपत्र सादर करीन. मात्र 15 जुलैपर्यंत मला जड वस्तू उचलता किंवा ओढता येणार नाहीत. व्यवहारात याचा अर्थ असा, की नाण्यांच्या पिशव्या, वाउचरचे गठ्ठे आणि जुन्या लेजरची बांधणी यांना मी हात लावणार नाही, आणि स्ट्राँगरूमचा लोखंडी दरवाजा ओढायला शिपाई श्री. माने यांनी माझ्यासमोर मदत करावी. किल्ली मात्र माझ्याच हातात राहील. टेबलावरचे सर्व काम मी करू शकेन. त्या काळात दुचाकी चालवता येणार नसल्याने मी एसटीने येईन, आणि पहिली गाडी 9.50 ला पोहोचते. 15 जुलैपर्यंत सकाळी दहा मिनिटांची सवलत मिळावी. संध्याकाळी डे-एंड होईपर्यंत मी थांबतेच.

रजा मंजुरीचा आदेश आणि बदली अधिकाऱ्याचे नाव 6 एप्रिलपर्यंत मिळाले तर पुढची तयारी नीट करता येईल.

कळावे,

आपली विश्वासू,
सौ. सुनीता रमेश जाधव
लेखापाल, विटा शाखा

सोबत: 1. डॉक्टरांचे प्रमाणपत्र (मूळ प्रत). 2. कार्यभार हस्तांतरणाचा मसुदा.

प्रत माहितीसाठी: मा. व्यवस्थापक, आयटी विभाग (केवळ युजर आयडीबाबतचा परिच्छेद. प्रमाणपत्र जोडलेले नाही).

शाखाधिकाऱ्यांचा शेरा: अर्जदाराशी प्रत्यक्ष चर्चा झाली. रजेची शिफारस करतो. बदली अधिकारी 16 एप्रिलपासून मिळणे शाखेसाठी अत्यावश्यक आहे.