पाहुण्यांचा पक्का आकडा: सहा याद्या मिळून

ताई, बसून निवांत वाच. मेसेज लांब आहे, पण केटररचा फोन यायच्या आत तुला सगळं माहीत असायला हवं. भाऊजींनाही दाखव.

आधी आकडा सांगते. लग्नाच्या दिवशी माणसं ४५९. जेवणाची पानं ४५०. केटररला लेखी द्यायचा आकडा ४३०. हे तीन वेगवेगळे का आहेत ते खाली लिहिलंय. कुणी विचारलं तर यातला नेमका कुठला सांगायचा हे तुला कळायला हवं, नाहीतर दर माणसागणिक नवा आकडा फिरत राहील. गेल्या आठवड्यात भाऊजी सव्वापाचशे म्हणत होते, दादा चारशे म्हणत होता आणि तुझे मोठे दीर "सहाशे धरून चला, कमी पडायला नको" म्हणत होते. तिघांच्या हातात याद्या त्याच होत्या.

याद्या आल्या तशा बेरीज केली तर अशी होते: तुझ्या मोठ्या दिरांची १४२, दादाने केलेली आपल्या माहेरची ९६, भाऊजींच्या ऑफिसची ५८, तुझी शेजारपाजाऱ्यांची ६४, नवरीच्या मित्रमैत्रिणींची ४७ आणि व्याह्यांकडून आलेली १५०. एकूण ५५७. भाऊजींचा आकडा या बेरजेच्याच आसपासचा होता. ती चुकीची नाही, पण एकच माणूस तिच्यात दोन-दोनदा जेवायला बसलाय.

नावावरून शोधायला गेले तर काही हाती लागेना. एका यादीत "अण्णा आणि मंडळी", दुसरीत त्यांचंच पूर्ण नाव आडनावासकट, तिसरीत नुसतं "कोपऱ्यावरचे". म्हणून सगळ्या नावांपुढे फोन नंबर लिहून घेतले आणि नंबरांच्या क्रमाने यादी लावली. मग एकेक जोडी आपोआप शेजारी येऊन बसली. भाऊजींच्या ऑफिसमधली तीन घरं तुमच्याच सोसायटीत राहतात, ती दोन्हीकडे होती: ११ माणसं. ती शेजाऱ्यांत ठेवली, ऑफिसातून काढली. तुझ्या दिरांनी जुन्या शेजाऱ्यांनाही नातेवाइकांत लिहिलं होतं, ते १४. सासर आणि माहेर दोन्हीकडून नातं लागणारी दोन घरं आहेत, तुला माहीतच आहेत कुठली, ते ९. नवरीच्या मैत्रिणींपैकी ६ जणी आईवडिलांबरोबर शेजाऱ्यांत आधीच मोजल्या गेल्या होत्या. नवरी आणि जावई एकाच कॉलेजचे, त्यामुळे १२ मित्र दोघांच्याही यादीत. आणि ज्यांनी हे स्थळ सुचवलं त्यांचं घर आपल्या शेजाऱ्यांतही होतं आणि व्याह्यांच्या यादीतही, ते ४. एकूण ५६ कमी झाले. राहिले ५०१.

व्याह्यांचा आकडा मी १५० वरच ठेवलाय. दोन्हीकडची नावं आपल्या बाजूने काढली. त्यांनी विचारून, खात्री करून आकडा दिलाय. आता आपण त्यात हात घातला तर "आमची माणसं कमी केली" असं विहीणबाईंना वाटायला वेळ लागणार नाही.

आता गंमत ऐक. ज्यांनी याद्या केल्या त्यांनी स्वतःला लिहिलंच नाही! तुझ्या दिरांच्या यादीत लांबची चुलत-चुलत मंडळी आहेत, पण स्वतः ते, जाऊबाई, दोन्ही मुलं आणि खुद्द तुझ्या सासूबाई नाहीत. दादाने आम्हाला सगळ्यांना लिहिलं, त्याचं घर राहिलं. आणि तुम्ही चौघं कुठल्याच यादीत नाही. म्हणजे नवरीसकट यजमान उपाशी. ते १३ घातले, झाले ५१४.

यानंतर मी आणि दादाच्या बायकोने फोन केले. शेजाऱ्यांना तू परस्पर विचारलंस, तेच धरलं. येता येणार नाही असं ज्यांनी स्पष्ट सांगितलं ते ३८. त्यात परीक्षा असलेली मुलं आहेत, परदेशातले आहेत, आणि दोन-तीन घरी आजारपण आहे. उरलेला घोळ "सहकुटुंब" या शब्दाने केला होता. तुझ्या दिरांनी सहकुटुंब म्हणजे सरसकट चार माणसं धरली होती. कुठे नवरा-बायको दोघंच असतात, कुठे मुलगी सासरी गेलेली, कुठे उलट सहाजण. एकेकाला विचारून घेतलं तेव्हा अधिक-उणे होऊन १७ कमी झाले. असे ४५९ उरले.

घराघराप्रमाणे आता असं आहे:
सासरकडचे (तुम्ही चौघं धरून) १०५
माहेरचे ७९
ऑफिस ४०
शेजारी ५८
नवरीचे मित्रमैत्रिणी २७
व्याह्यांकडचे १५०

आपल्या बाजूचे ३०९ आणि त्यांचे १५०. हॉलवाल्यांना सांगायचा आकडा ४५९, कारण पोरंटोरं खुर्चीवर बसोत न बसोत, हॉलमध्ये असणारच. पण खुर्च्या एवढ्या मांडायला सांगू नकोस. शेजारी तासाभराने येतात-जातात, अर्धी तरुण मंडळी बाहेरच उभी असतात. ३५० पुरतील, ५० कोपऱ्यात रचून ठेवायला सांग.

पानांचं गणित वेगळं. पाच वर्षांखालची ३१ मुलं आहेत, ती आईच्याच पानात जेवतात, ती वजा. उलट फोटोवाले, सजावटीची माणसं, वाजवणारे आणि गाड्यांचे ड्रायव्हर मिळून २२ जण दिवसभर आपल्यासाठी राबणार आणि ते एकाही यादीत नाहीत. ते घातले. ४५९ उणे ३१ अधिक २२, म्हणजे ४५०. या २२ जणांचं जेवण शेवटी उरलंसुरलं असं नको. मधल्या वेळात त्यांना बसवायचं, मी स्वतः बघेन.

मग ४३० का? या ४५० मध्ये ३४ जण "बघतो, कळवतो" वाले आहेत. मी त्यांना तीनदा विचारणार नाही. यातले साधारण निम्मे येतील असा माझा अंदाज आहे. पक्की पानं ४१६, त्यात निम्मे मिळवले की ४३३. केटररकडे आपण जेवढा आकडा नक्की म्हणून देऊ तेवढ्याचे पैसे द्यावेच लागतात, माणसं कमी आली तरी. त्यांनीच मागच्या भेटीत सांगितलं होतं की ३० पानांपर्यंत त्याच दिवशी सकाळी वाढवता येतील. म्हणून ४३० लिहून दे, आणि "गरज पडल्यास ४६० पर्यंत, त्याच दराने" हे वाक्य करारात घालून घे. तोंडी नको. भाऊजींना तोंडी चालतं, ते माणसावर विश्वास ठेवतात, पण त्या दिवशी सकाळी कुणालाच काही आठवत नसतं.

तुझे दीर सहाशेचा आग्रह धरतील. त्यांच्या मनात जुना हिशोब आहे: दारावर येईल तो पाहुणा, म्हणून पाव हिस्सा जास्तच धरायचा. तेव्हा एकेकाला फोन करून विचारायची सोय नव्हती, त्यामुळे ते बरोबरही होतं. आता जवळजवळ प्रत्येक घराशी बोलणं झालंय, मग जास्तीची दीडशे पानं कुणासाठी? उगाच वाया जाणार. हे त्यांना मी सांगते, तू नको सांगूस. तुझ्या तोंडून आलं तर त्याला सासर-माहेरचा रंग चढेल.

जेवणाच्या वेळेचंही बघावं लागेल. ऑफिसचे ४० जण कामाचा दिवस असल्यामुळे एकाच गाडीने एकच्या सुमाराला येणार आणि जेवून लगेच परत जाणार. नेमकी तीच व्याह्यांच्या मोठ्या मंडळींना बसवायची वेळ. भाऊजींना म्हणावं, ऑफिसवाल्यांना साडेबाराला या म्हणून सांगा. अर्धा तास इकडेतिकडे झाला तरी पाहुणे ताटकळणार नाहीत. पथ्याची पानं १२ आहेत, त्यांची नावं मी केटररला वेगळ्या कागदावर देईन.

आदल्या संध्याकाळी घरच्या जेवणाला ८५. हा आकडा पक्का आहे, कारण हे सगळे आपलेच आणि कळवतो-बघतो म्हणणारं त्यात कुणी नाही. रात्री मुक्कामाला ५२, त्यांना १६ खोल्या लागतील. त्यातले सहाजण जिना चढू शकत नाहीत, दोघांना चाकाची खुर्ची लागते. खालच्या मजल्यावरच्या खोल्या आजच नावाने अडवून ठेव. एकदा तरुण मंडळींनी सामान टाकलं की ती खोली मिळत नाही, मग कितीही विनवण्या कर.

दोन पत्रिका गेलेली ९ घरं आहेत. त्यांना काही सांगायची गरज नाही, दोन पत्रिका आल्या म्हणून कुणी दुप्पट माणसं आणत नाही. फक्त कुणी चेष्टेने म्हणालं तर हसून सोडून दे.

एक गोष्ट मात्र तुम्हालाच ठरवायची आहे. तुझ्या दिरांच्या यादीत ते चौघं आहेत, ज्यांच्याशी भाऊजींचं कित्येक वर्षं बोलणं नाही. पत्रिका दिरांनी स्वतः नेऊन दिली आहे आणि ते येतो म्हणालेत. मी १०५ मध्ये त्यांना धरलंय. माझं मत विचारशील तर येऊ देत. बोलावून झाल्यावर मागे घेणं वाईट दिसेल, आणि एवढ्या गर्दीत चार माणसं कुठे बसली ते कळतही नाही. पण भाऊजींना हे त्या दिवशी दारात कळता कामा नये. आज रात्री तूच सांग.

आजपासून यादी बंद. नवीन नाव कुणालाही सुचलं तरी ते थेट माझ्याकडे पाठवायचं, ग्रुपवर टाकायचं नाही. ग्रुपवर एकाने एक नाव टाकलं की बाकीच्या दहाजणांना दहा आठवतात. पाचापर्यंत नावं आली तर ३० च्या सवलतीत बसवेन, त्यापुढे तुला विचारेन.

केटररचा फोन उद्या सकाळी दहाला आहे. त्याआधी मला दोनच गोष्टी कळव: ४३० चालेल ना, आणि त्या चौघांचं काय ठरलं. पूर्ण यादी नंबरांसकट दादाच्या मुलाकडे आहे, तो रात्री तुझ्या फोनवर पाठवेल. ती पुढे कुणाला पाठवू नकोस, त्यात सगळ्यांचे फोन नंबर आहेत आणि कोण का येत नाही हेही लिहिलेलं आहे.