आजीचा फोटो: IMG_0417 बद्दल

चिरंजीव ओंकार,

फोटो मिळाला. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवलास ते बरं केलंस, नाहीतर निम्मा तपशील वाटेतच गळाला असता. रात्री स्टुडिओ बंद केल्यावर मोठ्या स्क्रीनवर लावून बघितला.

आधी एक सांगतो. माझ्या आईचं, म्हणजे तुझ्या आजीचं, हे हसू मी ओळखतो. शेजारच्या कुणाची तरी नक्कल करून झाली की ती अशी तोंड अर्धवट उघडं ठेवून बाजूला बघते, समोरचा हसतोय का ते पाहायला. कॅमेरा समोर आला की ती पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखी ताठ होते. पंचवीस वर्षं स्टुडिओ चालवून मला तिचा असा फोटो काढता आलेला नाही. तो क्षण तू पकडलास, तेही खाली बसून, तिच्या नजरेच्या उंचीवरून. तेव्हा फाइल डिलीट करू नकोस. आता बाकीचं.

फोटो शंभर टक्के मोठा करून डोळे बघ. मऊ आहेत. तू लिहिलंस की 'हात हलला असेल.' नाही. शटर 1/2000 आहे, एवढ्या वेगात हात हलल्याचं दिसत नाही. आणि हात हलला असता तर सगळाच फोटो फिस्कटला असता. जरा खाली सरक आणि डावा खांदा बघ. साडीच्या काठाचे धागे मोजून घे. म्हणजे फोकस लागलाय, फक्त खांद्याला लागलाय.

कारण सरळ आहे. तुझ्या कॅनन 1500D कॅमेऱ्यात फोकसचे नऊ बिंदू आहेत आणि तू ते नऊच्या नऊ कॅमेऱ्याच्या हवाली केलेस. अशा वेळी तो बहुतेकदा सगळ्यांत जवळची ठळक वस्तू धरतो. आई जराशी तिरकी बसली आहे, तिचा खांदा डोळ्यांच्या वीतभर पुढे आहे. त्यात लेन्स 50 एमएम, f/1.8 वर पूर्ण उघडी. दोन मीटरवरून तिथे नीट दिसणारा पट्टा जेमतेम अकरा सेंटीमीटरचा असतो, निम्मा पुढे, निम्मा मागे. खांदा आणि डोळा दोन्ही त्यात मावत नाहीत.

तेव्हा पाठीमागचं उजव्या कोपऱ्यातलं वरचं बटण दाब आणि बाणांनी एकच बिंदू निवड. तो तुझ्याकडच्या डोळ्यावर ठेव. चष्म्याच्या काडीवर नाही, भुवईवर नाही, डोळ्यावर. आणि f/4 कर. पट्टा दुपटीहून मोठा होतो, चेहरा आरामात बसतो. नवीन लेन्स घेतली की सगळ्यांनाच f/1.8 चा मोह होतो, मलाही झाला होता. एका लग्नात नवरीची नथ तेवढी शार्प आणि नवरी धुक्यात, असे दोन रोल मी काढले आहेत. त्या घरची माणसं अजून बाजारात भेटली की मी रस्ता बदलतो.

आता उजेड. सकाळचे अकरा, मे महिना, आई पडवीत सावलीला आणि मागे खळं उन्हाने पेटलेलं. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरने सगळ्या चौकटीचा हिशेब केला, खळ्याचा झगझगाट बघून घाबरला आणि फोटो दाबून टाकला. खळं तरीही पांढरंफटक जळालंच, आणि आईचा चेहरा दोन स्टॉप काळवंडला; एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा. मग तू मोबाइलवर ब्राइटनेस वाढवलास. त्यामुळे गालावर राख फासल्यासारखा करडा रंग आणि दाणे आलेत. अंधारात गेलेला जेपीजी नंतर ओढून उजेडात आणला की असंच होतं. यापुढे RAW, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल, काढ, निदान दुरुस्तीला जागा राहते.

त्याच जागेवरून पुन्हा काढायचा तर डायल Av वर ठेव, Av+/- चं बटण दाबून धरून चाक फिरव आणि दोन स्टॉप वाढव. खळं आणखी जळेल, जळू दे. खळ्याचा फोटो आपण काढत नाही आहोत.

पण मी असतो तर जागाच बदलली असती. आईला हलवू नकोस, तिला उठवलंस की हसू गेलं. तिला खळ्याकडे तोंड करून बसायला आवडतं, रस्त्याने कोण जातंय ते दिसतं म्हणून. तशी ती बसली की तू पडवीच्या पायरीवर उतर आणि आत बघून काढ. तोच खळ्याचा उजेड आता पाठीवर न पडता चेहऱ्यावर येईल, डोळ्यांत चमक येईल, मागे घरातला काळोख. फक्त इथे मीटर उलटा फसतो: काळोख बघून फोटो जास्त उजळ करतो आणि आईचं कपाळ पांढरं पडतं. म्हणून इथे पाऊण स्टॉपच्या आसपास कमी कर. चष्म्यात खळं दिसायला लागलं तर तिला काही सांगू नकोस, तूच हातभर बाजूला सरक.

आता चौकट. इथे मात्र मी थोडा रागावलोय.

तू लिहिलंस, 'आजी रातांबे फोडताना.' तू लिहिलं नसतंस तर मला कळलंच नसतं. डोकं बरोब्बर मधोमध, डोक्यावर वीतभर पांढरं आकाश, दोन्ही बाजू रिकाम्या, आणि खाली चौकट कोपराच्या वर संपली. रातांब्याने लालभडक झालेले हात, मांडीवरचं सूप, सालांचा ढीग, सगळं बाहेर. ज्याच्यासाठी फोटो काढला तेच कापलं आणि आकाश ठेवलं.

कॅमेरा उभा धर. अर्धं पाऊल मागे जा. डोक्यावर चार बोटं जागा सोड, बाकीची सगळी खाली हातांना दे. कॅमेरा उभा धरलास की टोकाचा फोकसबिंदू वर येतो, तो डोळ्यावर बसेल. हात फोकसच्या पट्ट्याच्या पुढे असल्यामुळे किंचित मऊ येतील. चालतं. लाल रंग दिसला पाहिजे.

आणि ती पोफळ! आईच्या अंबाड्यातून सरळ वर उगवली आहे. धूसर आहे हे खरं, पण काळा उभा पट्टा डोळ्याला टोचतोच. तू फूटभर डावीकडे सरकला असतास तर ती बाजूला गेली असती. बटण दाबण्याआधी एकदा चारही कडांवरून आणि डोक्यामागून नजर फिरवायची, दोन सेकंदांचं काम आहे. आत्ता ते ध्यानात राहणार नाही, पन्नास फोटो वाया गेल्यावर राहील.

रंग, क्रॉप वगैरे आत्ता सोड. हाच फोटो कापून सुधारेल का, असं विचारलंस. पोफळ आणि आकाश कमी करता येईल. हात कुठून आणणार? आणि न लागलेला फोकस कुठलंही अ‍ॅप परत आणत नाही.

पाऊस यायला अजून आठवडा आहे, तोवर आई रोज सकाळी रातांबे घेऊन बसणारच. f/4, आयएसओ 200, पायरीवरून, कॅमेरा उभा. शटर 1/200 च्या आसपास येईल, ते पुरे. तीन फोटो पाठव, वीस नको, आणि त्यातला तुला कुठला आवडला ते आधी लिही.

आईला हा पहिला फोटोसुद्धा दाखव. चेहरा मोठा करू नकोस, खांदा मोठा कर. तो काठ तिने दादरहून स्वतः निवडून आणलाय, खूश होईल.

तुझा,
मामा